अंबरनाथहून बदलापूरला, इंजिनाशिवाय

अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्टेशनांमधलं सरळ रेषेतलं अंतर साडेसात किलोमीटरही भरत नाही. आता अंबरनाथ स्टेशनच्या बरोबर वर, 3000 फुटांवर एक सेसना 172 आहे अशी कल्पना करा. चार माणसांचं, एका पंख्याचं, जगभरच्या फ्लाइंग क्लबांत शिकाऊ वैमानिकांच्या हाती दिलं जाणारं साधं विमान. त्याचं इंजिन बंद पडलं. पुढे काय होईल? बहुतेकांना वाटतं की ते दगडासारखं खाली येईल. प्रत्यक्षात ते वारा नसेल तर बदलापूर स्टेशनपर्यंत जातं, आणि तिथे पोचल्यावरही त्याच्या पोटाखाली थोडी उंची शिल्लक असते.

हे विमान एक मीटर खाली येताना साधारण नऊ मीटर पुढे सरकतं. आपल्याकडची जमीन समुद्रसपाटीपासून शंभरेक फूट धरली, तर 2900 फूट हातात उरतात. त्यांचे झाले सुमारे 880 मीटर, आणि त्याची नऊपट म्हणजे जवळजवळ आठ किलोमीटर. वेळ लागतो चार मिनिटं. त्या चार मिनिटांत विमान पडत नसतं, ते व्यवस्थित उडत असतं. इंधनाऐवजी उंची खर्च करत असतं, इतकंच.

फ्लाइट सिम्युलेशनची सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं, तर मी धावपट्टीवरून उड्डाण करायला सांगत नाही. हा चार मिनिटांचा प्रवास करायला सांगतो. खेळ किती खरा आहे, हातातली काठी किती कामाची आहे, आणि विमान नेमकं कशावर उडतं, या तिन्ही गोष्टी त्यात उघड होतात.

त्यासाठी पैसे लागत नाहीत. फ्लाइटगिअर नावाचा सिम्युलेटर पूर्णपणे मोफत आणि मुक्त स्रोताचा आहे. जगभरच्या हौशी लोकांनी 1990च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो घडवत आणला आहे. सेसना 172 त्यासोबतच मिळते. विमान थेट अंबरनाथच्या डोक्यावर, बदलापूरकडे तोंड करून ठेवायचं असेल तर ही आज्ञा पुरते:

```
fgfs --aircraft=c172p --lat=19.209 --lon=73.186 --altitude=3000 --heading=130 --vc=80 --enable-terrasync --enable-auto-coordination
```

आज्ञा टाइप करायची सवय नसेल, तर सिम्युलेटर सुरू करताना जी खिडकी उघडते तिच्या सेटिंग्जमध्ये जादा पर्याय लिहायची चौकट असते, तिथे `--` ने सुरू होणारे शब्द टाकले तरी चालतं. `--heading=130` म्हणजे आग्नेयेकडे तोंड, कारण कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणारा लोहमार्ग इथे त्याच दिशेला उतरतो. `--vc=80` म्हणजे सुरुवातीचा वेग 80 नॉट. `--enable-terrasync` लिहिलं की आपण जिथे असू तिथली जमीन इंटरनेटवरून आपोआप उतरते, म्हणून पहिल्यांदा थोडा धीर धरावा लागतो. शेवटच्या पर्यायाकडे आपण पुन्हा येऊ.

सुरू होताच `p` दाबून खेळ थांबवा आणि समोरची घड्याळं पाहा. वरच्या रांगेतलं डावीकडचं पहिलं घड्याळ वेग दाखवतं. त्यावर हिरवा पट्टा 44 नॉटपासून सुरू होतो आणि पांढरा 33 पासून. फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या. त्या मिटलेल्या असताना विमान 44 च्या खाली गेलं की पंख हवा सोडतो. फ्लॅप पूर्ण उघडे असले तर ती सीमा 33 वर येते. आता पुन्हा `p` दाबा, थ्रॉटल पूर्ण मागे घ्या आणि वेग 65 नॉटवर, म्हणजे ताशी 120 किलोमीटरवर टिकवायचा प्रयत्न करा.

पहिल्या मिनिटातच एक विलक्षण गोष्ट घडते. समोर बदलापूर दिसतंय, जमीन वर येतेय, आणि हात आपसूक काठी मागे ओढू लागतो. नाक वर केलं तर अजून थोडं लांब जाता येईल, असं प्रत्येकाला वाटतं. होतं बरोबर उलटं. नाक वर गेलं की वेग उतरतो. 65 चे 55 झाले, 50 झाले, की विमान अधिक तीव्र उतारानं खाली येऊ लागतं आणि बदलापूरच्या बरंच अलीकडे जमीन गाठतं.

याचं कारण हवेच्या दोन वेगवेगळ्या विरोधांत आहे. एक विरोध वेगाबरोबर वाढतो, तो आपल्या ओळखीचा. चालत्या गाडीबाहेर हात काढला की जाणवतो तोच. दुसरा मात्र वेग कमी झाला की वाढतो. कमी वेगात तेवढंच वजन पेलायला पंखाला हवेशी मोठा कोन करावा लागतो, आणि त्या कोनामुळे उचलण्याचं बळच थोडं मागे कलतं, मागे ओढू लागतं. दोन्ही विरोधांची बेरीज जिथे सर्वांत कमी असते, तो वेग या विमानासाठी 65 नॉटच्या आसपास आहे. त्याहून जोरात गेलात तरी तोटा, हळू गेलात तरी तोटा. हे गणित पुस्तकात वाचून पटत नाही, पण स्वतःच्या हातानं नाक वर ओढून विमान वेशीआधीच खाली आलेलं पाहिलं की कायमचं पटतं.

ओढत राहिलं तर पुढची पायरी येते. पंखाचा हवेशी असलेला कोन साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे गेला की वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटते आणि उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. आधी भोंगा वाजतो, काठी मऊ पडल्यासारखी वाटते, मग नाक स्वतःच खाली झुकतं, कधी एक पंख आधी पडतो. उपाय मनाला न पटणारा आहे: जमीन जवळ येत असतानाही काठी पुढे ढकलायची, कोन कमी करायचा, वेग मिळू द्यायचा.

आता आर्केड आणि रिॲलिस्टिक हा फरक बोलता येईल, कारण तो याच जागी राहतो. चित्रं किती देखणी आहेत, ढग किती मऊ आहेत, याच्याशी त्याचा संबंध नाही. प्रश्न एकच आहे: आपला हात आणि विमानाचे पंख यांच्या मध्ये कोण बसलंय?

वॉर थंडर या मोफत लढाऊ खेळात हे फार स्वच्छ दिसतं, कारण त्यात तीन पातळ्या आहेत. आर्केडमध्ये तुम्ही माउसनं आकाशात एक वर्तुळ हलवता आणि विमान तिकडे वळतं. पंख-शेपटीचा कोणता पृष्ठभाग किती हलवायचा, हे एक अदृश्य शिक्षक ठरवतो. तुमच्या हाताच्या चुका तो विमानापर्यंत सहसा पोचूच देत नाही. गोळ्या संपल्या तर हवेतच पुन्हा भरल्या जातात, विमान गेलं तर दुसरं मिळतं. रिॲलिस्टिक पातळीवर हवा बरीच खरी होते, गोळ्या भरायला धावपट्टीवर उतरावं लागतं. पण वर्तुळ आणि शिक्षक तिथेही असतातच. हे अनेक नव्या खेळाडूंच्या लक्षात येत नाही, आणि आपण विमान चालवायला शिकलो असं त्यांना वाटतं. तिसऱ्या, सिम्युलेटर पातळीवर शिक्षक उठून जातो. दृश्य फक्त वैमानिकाच्या खुर्चीतून दिसतं आणि तुमचा हात थेट पंखांशी जोडला जातो. रिॲलिस्टिकमध्ये तरबेज असलेली माणसं इथे पहिल्याच वळणावर गिरक्या घेत खाली येतात. हात कमकुवत म्हणून नव्हे, तो आजवर वापरलाच गेला नव्हता म्हणून.

आर्केडला मी कमी लेखत नाही. दोन विमानांच्या झुंजीत कुठे पाहावं, कधी वळावं, उंचीचा फायदा कसा घ्यावा, हे तिथे झपाट्यानं शिकता येतं. फक्त विमान कशामुळे हवेत राहतं हे तिथे कळत नाही, कारण तो प्रश्न तुमच्यासाठी आधीच सोडवलेला असतो.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये पातळ्यांऐवजी मदतीची छोटी छोटी बटणं आहेत. इंधन-हवेचं मिश्रण सांभाळणं, रडर आपोआप देणं, उड्डाणाच्या वेळी सरळ ठेवणं अशी एकेक मदत चालू किंवा बंद करता येते. नव्या माणसाला ही रचना सोयीची, कारण एका वेळी एकच मदत काढता येते. आपल्या फ्लाइटगिअरच्या आज्ञेतला `--enable-auto-coordination` हा पर्याय त्याच जातीचा. वळताना पंख कलवले की सोबत रडरही योग्य तेवढा द्यावा लागतो, नाहीतर विमान बाजूला घसरत वळतं. ज्याच्याकडे रडरसाठी वेगळी सोय नाही, त्याच्यासाठी सिम्युलेटर ते काम करतो.

कोणत्याही अनोळखी खेळात शिक्षक बसलाय की नाही हे पाहायचं असेल, तर दोन चाचण्या पुरतात. उंचावर जा, थ्रॉटल पूर्ण मागे घ्या आणि नाक क्षितिजाच्या वर धरून ठेवा. विमान हादरून नाक टाकत असेल, तर तुम्ही खऱ्या हवेत आहात. नुसतं हळू होत निवांत खाली तरंगत असेल, तर कुणीतरी सांभाळतंय. दुसरी चाचणी जमिनीवरची. एका पंख्याच्या विमानाला धावपट्टीवर पूर्ण शक्ती द्या आणि पाय-हात सोडा. सेसनासारखं विमान डावीकडे ओढलं गेलं पाहिजे, कारण पंख्यानं फिरवलेली हवा शेपटीवर एका बाजूनं आदळते. सरळच धावलं, तर रडर तुमच्या ताब्यात नाही.

हातात काय धरावं, याचं उत्तरही त्याच चार मिनिटांतून मिळतं. 65 नॉट टिकवायचे म्हणजे नाक एखाद्या अंशानं वरखाली करायचं. कीबोर्डवर कळ दाबली की पृष्ठभाग ठरावीक टप्प्यानं उडी मारतो, त्यामुळे वेग 58 आणि 72 च्या मध्ये झोके घेत राहतो. माउस त्याहून पुष्कळ बरा. फ्लाइटगिअरमध्ये `Tab` दाबलं की माउसच काठी बनतो आणि पहिले काही दिवस तेवढ्यावर निघतात. गेमपॅडची अंगठ्याखालची काडी इकडून तिकडे जेमतेम काही सेंटीमीटर हलते, तर टेबलावरच्या जॉयस्टिकचा माथा त्याच्या कितीतरी पट मोठा पल्ला कापतो. विमानाचे पृष्ठभाग तेवढेच हलतात, पण हाताला जागा जास्त मिळते, म्हणजे तीच चूक लहान होते. गेमपॅडच असेल तर सेटिंग्जमध्ये संवेदनशीलतेची रेषा वाकडी करून घ्या, म्हणजे मध्याजवळ हालचाल सौम्य आणि टोकाला तीव्र होईल.

फोनवरच्या खेळांतून आलेल्यांना पहिल्या दिवशी एक अडचण येते. काठी मागे ओढली की नाक वर, पुढे ढकलली की खाली. काही जण सेटिंग उलटी करून घेतात. तसं करू नका, हात एका संध्याकाळीत वळतो आणि मग जगातल्या कुठल्याही विमानात तोच नियम लागू असतो.

जॉयस्टिक विकत घ्यायचीच असेल, तर पहिल्या खरेदीत तीन गोष्टी पाहाव्यात: काठी स्वतःभोवती पिळता येते का, म्हणजे रडर मिळेल, थ्रॉटलची पट्टी आहे का, आणि आतले सेन्सर कुठल्या जातीचे आहेत. लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो या तिन्हींतल्या पहिल्या दोन अटी पूर्ण करते, म्हणून इतकी वर्षं तीच नवशिक्यांच्या हातात दिसते. बऱ्याच स्वस्त काठ्यांत पोटेन्शिओमीटर असतात. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात हाच भाग असायचा. त्यात एक पट्टी दुसऱ्या पट्टीवर घासत फिरते, म्हणून वापरानं झिजते आणि धुळीनं खरखरते. थ्रस्टमास्टरच्या टी.16000एममध्ये काठीच्या मुख्य हालचालींसाठी चुंबकाचं क्षेत्र मोजणारे हॉल सेन्सर आहेत, तिथे घासायला काही नाही. ही काठी डावखुऱ्यांनाही जुळवून घेता येते, जे फार थोड्या जॉयस्टिकांत मिळतं.

झीज कशी ओळखायची? विंडोजमध्ये रन उघडून `joy.cpl` लिहा, जॉयस्टिक निवडा आणि तिचे गुणधर्म उघडा. एका चौकोनात छोटी फुली दिसते. हात काढून घेतल्यावर ती मध्यावर स्थिर राहिली पाहिजे. थरथरत असेल, किंवा सोडल्यावर दरवेळी वेगळ्या जागी थांबत असेल, तर सेन्सर दमलाय. वापरलेली जॉयस्टिक घेताना दुकानातच ही चाचणी मागा. लॅमिंग्टन रोडवर असो किंवा ओळखीतल्या कुणाकडून, एका मिनिटात खरं काय ते कळतं. फुली थोडीच थरथरत असेल तर खेळाच्या सेटिंग्जमध्ये मध्याभोवती एक छोटं मृत क्षेत्र ठेवता येतं, ज्यात काठी हलली तरी विमान हलत नाही. मात्र ते मोठं केलं, तर 65 नॉटचं बारीक काम नेमकं त्याच क्षेत्रात हरवतं.

पिळायच्या रडरलाही असं छोटं क्षेत्र द्यावंच, कारण काठी मागे ओढताना मनगट नकळत पिळलं जातं आणि विमान उगाच बाजूला सरकतं. रडर तुमच्या हातात आला की आज्ञेतलं `--enable-auto-coordination` काढून टाका. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर खेळणाऱ्यांनी पेटीवर आपल्या यंत्राचं नाव आहे का हे आधी पाहावं, कारण संगणकावर चालणाऱ्या बऱ्याच काठ्या तिथे ओळखल्याच जात नाहीत. आणि खऱ्या सेसनात असतं तसं योक, म्हणजे अर्धं सुकाणूचाक, पहिल्यांदा घेऊ नये असं माझं मत आहे. ते महाग असतं, टेबलाच्या कडेला घट्ट आवळावं लागतं, आणि लढाऊ किंवा छोट्या कसरतीच्या विमानांत ते परकं वाटतं. काठी सगळीकडे चालते.

काठी हातात आली की ट्रिम शिका. 65 नॉट टिकवायला काठी सतत किंचित मागे धरावी लागत असेल, तर `Home` आणि `End` या कळांनी ट्रिम हळूहळू बदला, आणि बदलत असताना काठी हळूहळू मध्याकडे सोडत जा. काही सेकंदांत हात पूर्ण सुटतो आणि विमान स्वतःच 65 धरून उतरत राहतं. ते घडलं की पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहायला सवड मिळते.

आता त्याच प्रवासात बदलापूरकडून समोर वाहणारा 10 नॉटचा वारा घाला. विमानाला काहीच कळत नाही. त्याच्यासाठी वेग तोच 65, उतारही तोच, वेळही तीच चार मिनिटं. पण जमिनीवरून पाहिलं तर ते 55 नॉटनंच पुढे सरकतंय. आठ किलोमीटरचे झाले पावणेसात, आणि स्टेशन थोडक्यात हुकलं.

मग वैमानिकासारखा विचार सुरू होतो. उंची असतानाच दुसरी जागा निवडायची. अंबरनाथच्या नैर्ऋत्येला, मलंगगडाच्या वाटेवर नेवाळी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे विमानांसाठी धावपट्टी केली होती. तिच्या जमिनीचा वाद इतका जुना आणि खोल आहे की 2017 च्या जूनमध्ये तिथे शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन पेटलं. सिम्युलेटरमध्ये आपल्याला त्या परिसराची मोकळी, सपाट जमीन हवी आहे. बदलापूरकडे जाणारं विमान तिकडे वळवायचं म्हणजे उजवीकडे सुमारे शंभर अंशांचं वळण. पंख 30 अंश कलवून वळलात तर दहा-अकरा सेकंद लागतात आणि दीडशे फुटांच्या आसपास उंची खर्च होते. स्टॉलची सीमा 44 वरून 47 नॉटवर सरकते, काळजीचं कारण नाही. घाबरून 60 अंश कलवलंत तर वळण छोटं होतं खरं, पण आता पंखांना विमानाच्या दुप्पट वजन पेलायचं आहे. स्टॉलची सीमा 62 वर जाते. तुम्ही 65 वर आहात. मध्ये उरले तीन नॉट. काठी किंचित जास्त ओढली गेली की वळणातच पंख हवा सोडतो, आणि तेही जमिनीजवळ. जगभरच्या उड्डाण-शिक्षकांना याच वळणाची सर्वांत जास्त धास्ती असते. इथे ते पुन्हा पुन्हा करून पाहता येतं, 30 अंशांवर, मग 45 वर, मग 60 वर, दरवेळी भोंगा कुठे वाजतो ते ऐकत.

जागा नक्की मिळणार अशी खात्री झाली की मगच `]` दाबून फ्लॅप उघडा. त्यांनी उतार तीव्र होतो आणि वेग कमी ठेवता येतो, पण उघडलेले फ्लॅप मिटायला गेलं तर असलेली उचलही जाते. जमिनीच्या अगदी जवळ, पंखाच्या लांबीइतक्या उंचीवर, विमान खाली बसायला तयार होत नाही, जरा तरंगत राहतं. पंखामागे खाली वळणाऱ्या हवेला जमीन अडवते आणि मघाचा दुसरा विरोध कमी होतो. तिथे आणि फक्त तिथेच काठी हळूहळू मागे घ्यायची असते.

उतरताना डोंगराकडेही पाहा. फ्लाइटगिअरमधल्या जमिनीचे चढउतार मुख्यतः फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीतून आले आहेत. त्या यानानं अकरा दिवसांत जगातली बहुतेक वस्तीची जमीन मोजली, आणि त्यात आपला मलंगगड, माथेरानची भिंत आणि बारवीचं खोरंही आलं. मात्र त्या मोजणीचे जे आकडे आधी सगळ्यांना खुले झाले, ते सुमारे 90 मीटर अंतरावरच्या बिंदूंचे होते. माथेरानसारखं रुंद पठार त्या जाळ्यात नीट सापडतं. मलंगगडाचा माथ्याकडचा अरुंद सुळका मात्र दोन बिंदूंच्या मधून निसटतो, म्हणून सिम्युलेटरमध्ये तो खऱ्याहून बुटका आणि गोलसर दिसतो. त्याच्या जवळून जाताना नकाशातल्या उंचीवर भरवसा ठेवा, समोरच्या चित्रावर नको.